आठ आजारपणे, तीन स्वॅब आणि टॉन्सिल काढण्याचा निर्णय

"डॉक्टर, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिला आठ वेळा टॉन्सिलचा त्रास झाला आणि आठही वेळा अँटिबायोटिक द्यावे लागले. घशाचा स्वॅब तीनदा तपासला, पण त्यांचा अर्थ आम्हाला लागत नाही. 'ए.एस.ओ.' नावाची रक्तचाचणी ४०० आली आहे. आता एका सर्जननी टॉन्सिल काढून टाकायला सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, टॉन्सिल काढले की मुलांची प्रतिकारशक्ती जाते. ती रात्री घोरतेही. शस्त्रक्रिया करावी का? आठही आजारपणांची नोंद आणि सगळे रिपोर्ट सोबत जोडले आहेत. – एक आई"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेली नोंद मी दोनदा वाचली. प्रत्येक वेळची तारीख, तापाचा आकडा, खोकला होता की नाही आणि औषध किती दिवस दिले, हे सारे तुम्ही लिहून ठेवले आहे. त्यामुळेच मला काही निश्चित सांगता येते. मुलीला प्रत्यक्ष न तपासता दिलेले मत अखेर मर्यादितच असते, हे लक्षात ठेवून सांगते की, वारंवार घसा बिघडतो एवढ्याच कारणासाठी आज टॉन्सिल काढावेत, असे या नोंदीवरून मला वाटत नाही. घोरण्याचा प्रश्न मात्र यापासून पूर्णपणे वेगळा आहे आणि तो मी शेवटी स्वतंत्रपणे घेते, कारण कदाचित तोच अधिक महत्त्वाचा ठरेल.

प्रथम स्वॅबविषयी. लहान मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात आणलेल्या शंभर मुलांपैकी साधारण २० ते ३० जणांनाच 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग झालेला असतो. स्वॅब घेतला जातो तो मुख्यत्वे या एकाच जिवाणूला ओळखण्यासाठी, कारण त्याच्यावर योग्य औषध न दिल्यास काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. नुसते पाहून विषाणू आणि स्ट्रेप्टोकॉकस यांतला फरक खात्रीने सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही जमत नाही. टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके विषाणूंच्या आजारातही दिसतात.

म्हणजे प्रत्येक वेळी स्वॅब घ्यावा, असे मात्र नाही. नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल, डोळे लाल असतील किंवा तोंडात फोड आले असतील, तर तो आजार विषाणूंचाच आहे असे धरून स्वॅब टाळणे योग्य असते. याचे कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. शाळकरी वयाच्या पूर्णपणे निरोगी मुलांपैकी दहा-बारा टक्के मुलांच्या घशात हा स्ट्रेप्टोकॉकस कोणताही त्रास न देता वस्तीला असतो. अशा मुलांना आम्ही वाहक म्हणतो. वाहक मुलाला साधी सर्दी झाली आणि त्याच दिवशी स्वॅब घेतला, तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, स्ट्रेप्टोकॉकस वाढणारच; परंतु त्या दिवशीचे आजारपण त्याने घडवलेले नसते. कल्चर जिवाणू तेथे आहे एवढे सांगते, दोष त्याचा आहे की नाही हे सांगत नाही. ते लक्षणांवरूनच ठरवावे लागते.

स्वॅबचा खरा उपयोग होतो तो ५ ते १५ वर्षांच्या मुलाला अचानक ताप येतो, गिळताना घसा दुखतो, जबड्याखालच्या गाठी दुखऱ्या होतात आणि सर्दी-खोकल्याचा मागमूस नसतो तेव्हा. डोके किंवा पोट दुखणे आणि एखाद-दुसरी उलटी हीदेखील या वयातल्या स्ट्रेप्टोकॉकसची नेहमीची खूण आहे. तीन वर्षांखालील मुलांत हा संसर्ग आणि त्यातून येणारा संधिवाताचा ताप दोन्ही विरळ असल्यामुळे तेथे सहसा स्वॅब घेत नाहीत. तुमची मुलगी मात्र नेमक्या त्या वयात आहे.

स्वॅब घेण्याची पद्धतही नीट पाहावी. कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर फिरायला हवी. जीभ किंवा गालाची आतली बाजू पुसून आणलेला नमुना निरुपयोगी असतो. मूल ओकारी देते, रडते, काडी दातांनी धरते आणि घाईत नेमके हेच घडते. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यायला हवा, कारण एक-दोन डोसांनंतरही जिवाणू वाढत नाही आणि रिपोर्ट खोटाच 'नकारात्मक' येतो. काही ठिकाणी काही मिनिटांत उत्तर देणारी झटपट चाचणी मिळते. ती सकारात्मक आली तर सहसा विश्वसनीय असते, परंतु नकारात्मक आल्यास मुलांच्या बाबतीत कल्चर करून खात्री करून घेणे चांगले, कारण काही खरे संसर्ग तिच्या नजरेतून निसटतात. कल्चरचे उत्तर यायला एक ते दोन दिवस लागतात आणि पालकांना तेवढा वेळ थांबण्याची धास्ती वाटते. ती बाळगण्याचे कारण नाही: घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. तोवर ताप आणि वेदना यांसाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरते.

आता तुमच्या नोंदीकडे वळू. जून, सप्टेंबर आणि फेब्रुवारी या तीन आजारपणांत सर्दी आणि खोकला होता, आवाज बसला होता आणि दोन वेळा धाकट्या भावालाही त्याच आठवड्यात तोच त्रास झाला होता. ही तिन्ही विषाणूंची आजारपणे मानावीत. जुलैमध्ये तोंडात बारीक फोड आणि तळहातांवर पुरळ होते, असे तुम्ही लिहिले आहे. तोही विषाणूंचाच एक ओळखीचा आजार आहे. एप्रिलमध्ये ताप आल्याचे लिहिले आहे, पण औषध फोनवर विचारून दिले होते आणि घसा कोणीही पाहिला नव्हता, म्हणून ते आजारपण कशातच धरता येत नाही.

उरली तीन. ऑक्टोबरमधले आजारपण पुस्तकात वर्णन असावे तसे आहे: अचानक ३९.४ अंश सेल्सिअस ताप, दोनदा उलटी, खोकला नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पू आणि औषधापूर्वी घेतलेल्या स्वॅबमध्ये 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. हे निःसंशय खरे. नोव्हेंबरमधला आजार त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी आला आणि लक्षणे तशीच होती. परंतु ऑक्टोबरमध्ये औषध चौथ्या दिवशी थांबवले होते, असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. ताप उतरला, मुलगी खेळू लागली, म्हणून थांबवले असणार. हे फार घरांत घडते. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन असेल तर स्ट्रेप्टोकॉकससाठी पूर्ण दहा दिवस द्यावे लागते. बरे वाटण्यासाठी दोन-तीन दिवस पुरतात, पण घशातून जिवाणू हटवण्यासाठी ते पुरत नाहीत. म्हणून नोव्हेंबरचे आजारपण नवे की जुन्याच संसर्गाचे परतणे, हे सांगणे कठीण आहे. तरी लक्षणे स्पष्ट असल्यामुळे मी ते मोजणीत धरते.

जानेवारीतले आठवे आजारपण मात्र साऱ्या घोळाचे मूळ आहे. तेव्हा नाक वाहत होते, ताप ३७.९ होता, अझिथ्रोमायसिनचा तिसरा दिवस चालू असताना स्वॅब घेतला आणि त्यात 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' वाढला. त्यासोबत आलेली औषधांच्या संवेदनशीलतेची लांबलचक यादी पाहून तुम्ही घाबरलात, हे मला समजते. हा जिवाणू असंख्य निरोगी माणसांच्या नाकात आणि घशात राहतो आणि सामान्य घसादुखीला तो कारणीभूत नसतो. घशाच्या कल्चरमध्ये तो किंवा क्लेबसिएला यांसारखे नाव आले म्हणून एरवी सुदृढ असलेल्या मुलाला त्यावर अँटिबायोटिक देऊ नये. प्रयोगशाळेने यादी छापली, ती उपचाराची आज्ञा नव्हे.

तिसरा स्वॅब फेब्रुवारीतल्या सर्दी-खोकल्याच्या वेळचा. त्यात पुन्हा स्ट्रेप्टोकॉकस आला आणि त्यावरूनच 'जंतू जातच नाही' असा निष्कर्ष निघाला. मला येथे ती वाहक असण्याची शक्यता अधिक वाटते. याची शहानिशा करता येते: ती ठणठणीत असताना, शेवटचे अँटिबायोटिक संपून काही आठवडे झाल्यावर, एकदाच स्वॅब घ्यावा. तेव्हाही स्ट्रेप्टोकॉकस वाढला, तर ती वाहक आहे असे समजावे आणि यापुढे सर्दीच्या दिवसांत स्वॅब घेऊच नये. वाहक मुलाला स्वतःला संधिवाताच्या तापाचा धोका अत्यल्प असतो, तो इतरांना फारसा संसर्गही देत नाही आणि त्याला सहसा औषध लागत नाही. घरात कोणाला पूर्वी संधिवाताचा ताप येऊन गेला असेल, तर मात्र डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. तेव्हा हिशेब बदलतो. एरवी औषध पूर्ण झाल्यावर 'जंतू गेला का' हे पाहण्यासाठी स्वॅब घेण्याची प्रथा मला अनाठायी वाटते.

'ए.एस.ओ.'चा आकडाही याच ओळीत बसतो. स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडल्यावर शरीराने तयार केलेली ही प्रतिद्रव्ये साधारण तीन ते सहा आठवड्यांनी शिगेला पोहोचतात आणि पुढे कित्येक महिने रक्तात रेंगाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरा संसर्ग झालेल्या सहा वर्षांच्या मुलीत मार्चमध्ये ४०० हा आकडा येणे मुळीच नवलाचे नाही. सांधे सुजणे, धाप लागणे, हातापायांच्या अनावर हालचाली किंवा लघवी गडद तांबडी होणे यांपैकी काही असेल, तर या चाचणीला अर्थ असतो. तिला तसे काहीच झालेले नाही, म्हणून त्या आकड्यासाठी ना औषध हवे, ना शस्त्रक्रिया, ना दर महिन्याला पुन्हा रक्त काढणे.

तेव्हा आठांपैकी मोजणीत धरण्याजोगी आजारपणे दोन. टॉन्सिल काढण्याचा विचार केव्हा करावा याची जगभर वापरली जाणारी मर्यादा अशी आहे: गेल्या एका वर्षात किमान सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी किमान पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी किमान तीन वेळा. यांतील प्रत्येक वेळी घसादुखीसोबत ३८.३ अंशांहून अधिक ताप, मानेतील सुजलेल्या किंवा दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवरचा पू किंवा स्ट्रेप्टोकॉकसची सकारात्मक चाचणी यांपैकी किमान एक गोष्ट असायला हवी आणि ती त्याच वेळी लिहून ठेवलेली असायला हवी. या मर्यादेत विषाणूंमुळे झालेला तीव्र टॉन्सिलदाहही धरला जातो, हे खरे आहे. परंतु तुमच्या नोंदीतल्या सर्दीच्या आजारपणांत यांपैकी एकही खूण नाही आणि फेब्रुवारीचा सकारात्मक स्वॅब वाहकाचा असण्याची शक्यता वर सांगितलीच आहे. तो धरला तरी संख्या तीनच होते.

मोजणीबाबत मी एवढी काटेकोर का आहे, याला आधार आहे. पिट्सबर्ग येथील बालरोगतज्ज्ञ जॅक पॅरडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वारंवार घसा बिघडण्याचा इतिहास पालकांनी सांगितलेला, पण कागदोपत्री पुरावा नसलेला, अशी ६५ मुले त्यांनी पुढे नियमितपणे पाहिली. त्यांपैकी फक्त ११ मुलांच्या बाबतीत सांगितलेला इतिहास प्रत्यक्षात खरा ठरला. पालक खोटे बोलत नव्हते. आजारी मूल मांडीवर घेऊन काढलेल्या रात्री आठवणीत एकमेकींना चिकटतात आणि शिवाय वय वाढते तसा हा त्रास बहुतेक मुलांत आपोआप कमी होतो. याच गटाने १९८४ मध्ये वर दिलेली मर्यादा ओलांडलेल्या, म्हणजे खरोखर तीव्र त्रास असलेल्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पुढची दोन वर्षे घशाचे आजार स्पष्टपणे कमी झाले. परंतु शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकीही अनेकांना फारच थोडा आणि सौम्य त्रास झाला. मर्यादेपेक्षा कमी त्रास असलेल्या मुलांत मिळणारा लाभ शस्त्रक्रियेच्या धोक्याच्या मानाने तोकडा ठरतो, असे त्यांनी २००२ मध्ये दाखवले. तुमची मुलगी आज या शेवटच्या गटातही कडेलाच आहे.

धोका म्हणजे प्रामुख्याने रक्तस्राव. टॉन्सिल काढलेल्या शंभर मुलांपैकी साधारणपणे दोन ते पाच जणांना तो होतो. काहींना पहिल्या चोवीस तासांत, तर काहींना पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान, जखमेवरची पांढरी खपली सुटताना. त्यातील थोड्यांना पुन्हा भूल देऊन रक्त थांबवावे लागते. घसा दहा ते चौदा दिवस चांगलाच दुखतो, दुखणे कानातही जाते आणि मूल पाणी पिणे टाळते. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे आणि ज्यांना तिची खरी गरज असते त्यांना मी ती निःसंकोचपणे सुचवते. पण दोन आजारपणांसाठी एवढे सारे मुलीला सोसायला लावावे, असे मला वाटत नाही.

सासूबाईंच्या शंकेविषयी मात्र त्यांना आदराने सांगा की, ती भीती बाळगू नये. टॉन्सिल हे घशातील संरक्षक ऊतींच्या एका कड्याचा भाग आहेत. ते काढले तरी जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या भिंतीत तशीच ऊती शिल्लक राहते आणि मुलांच्या संसर्गाशी लढण्याच्या क्षमतेत लक्षात येण्याजोगी घट होत नाही. शस्त्रक्रिया टाळण्याचे माझे कारण ते नव्हे.

यापुढे ती आजारी पडली की सर्दी-खोकला असल्यास स्वॅब नको आणि अँटिबायोटिकही नको. सर्दीविना अचानक ताप आणि घसादुखी आली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घसा दाखवा, औषधापूर्वी स्वॅब घ्या आणि स्ट्रेप्टोकॉकस सापडला तर अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्या. हा जिवाणू पेनिसिलिनला आजही शरण जातो. अझिथ्रोमायसिनला मात्र तो अनेकदा दाद देत नाही, म्हणून ते पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवावे. प्रत्येक वेळी डॉक्टरांना ताप, गाठी, पू आणि खोकला या चार गोष्टी केसपेपरवर लिहायला सांगा. अशा नोंदीत बारा महिन्यांत सात आजारपणे जमली, तर माझे मत बदलेल. टॉन्सिलभोवती पू साचण्याचा प्रसंग एकाहून अधिक वेळा आला, किंवा अनेक अँटिबायोटिकची ॲलर्जी निघाली, तर सातची वाट पाहण्याचीही गरज नाही. ठरावीक तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने, जणू पंचांग पाहून ताप येणारी आणि स्वॅब दरवेळी नकारात्मक असणारी मुले वेगळ्या आजाराची असतात. तुमच्या तारखांत तशी लय नाही. मूल लाळ गिळू शकत नसेल, तोंड उघडत नसेल, आवाज तोंडात घास असल्यासारखा येत असेल किंवा घसा एकाच बाजूला फुगला असेल, तर मात्र स्वॅबचा विचार न करता तत्काळ रुग्णालयात न्या.

आता घोरणे. ती सर्दीतच घोरते की एरवीही, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि माझ्या दृष्टीने हा तपशील आठही आजारपणांहून मोलाचा आहे. मोठे टॉन्सिल आणि नाकामागची ॲडिनॉइडची वाढ यांमुळे झोपेत श्वास अडत असेल, तर शस्त्रक्रियेचे ते स्वतंत्र आणि बहुधा अधिक भक्कम कारण असते. तेथे घसा वर्षातून किती वेळा बिघडला याचा संबंध नसतो. टॉन्सिल नुसते मोठे दिसणे मात्र पुरेसे कारण नव्हे, कारण चार ते आठ वर्षांच्या वयात ते अनेक मुलांत मोठेच असतात. ती पूर्ण बरी असताना सलग आठवडाभर रात्री तिच्याजवळ बसा. घोरणे मध्येच थांबून काही सेकंद शांतता पसरते आणि मग धसकून श्वास घेतला जातो का, छातीचा पिंजरा आत ओढला जातो का, मान मागे टाकून किंवा घामाघूम होऊन ती झोपते का, अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे का, सकाळी डोके दुखते का, दिवसा ती चिडचिडी किंवा अतिचंचल असते का, हे पाहा. श्वास अडकतो असे वाटले तर दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करा आणि ते घेऊन, पुढच्या घसादुखीची वाट न पाहता, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ज्या सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली, त्यांनाच प्रथम विचारा की त्यांनी ती घशाच्या संसर्गासाठी सुचवली की झोपेतल्या श्वासासाठी; त्यांच्या सल्ल्यामागे हे दुसरे कारण असेल, तर वर लिहिलेली सारी मोजणी बाजूला ठेवून त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे.